आजोबांचा 'आबा' कसा होतो?

मुलगा-सून पोटापाण्यासाठी मीरा-भाईंदरला असतात. सुट्टीत गावी आलेले नातवंड 'आबा, आबा' करीत म्हाताऱ्याला बिलगते. हा 'आबा' येतो कुठून?

तान्ह्या मुलाला प, ब, म हे ओठांचे आवाज आधी जमतात. 'ज'साठी जीभ टाळूला नेमकी टेकवावी लागते, ते उशिरा साधते. म्हणून 'आजोबा'तला 'जो' गळतो नि 'आबा' उरतो. 'आजी'तला 'ज' गळला, तर मात्र उरते 'आई'! मग घोटाळा नको म्हणून घरची माणसे 'माई'सारखी सोपी हाक शिकवतात. अर्थात, प्रत्येक 'आबा' असाच घडत नाही. बाप आपल्या वडिलांना आबा म्हणत असेल, तर पोरही तेच उचलते.

नातवंडाची बोबडी हाक खुशाल चालू द्या, पण आपण बोलताना 'आजोबा' असेच स्पष्ट म्हणा, म्हणजे खरा शब्द त्याच्या कानावर राहील. मात्र दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर 'बोलेल उशिरा' म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडून त्याचे कान तपासून घ्या.