नोटिशीची माफी मागताना करार उघडा



चारबागच्या रेल्वे वसाहतीतली मराठी माणसे भुसावळ विभागात 'विनंती बदली' मिळावी म्हणून वर्षानुवर्षे अर्ज धरून बसतात. बदली विनंतीची असल्याने ना भत्ता मिळतो, ना रुजू होण्यासाठी सवलतीचे दिवस. आदेश आला की निघायचे. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे मुलांचे प्रवेशही त्याच धांदलीत उरकावे लागतात. नवऱ्याला रेल्वे कार्यमुक्त करते. लखनौतल्या खासगी कंपनीत हिशेब पाहणारी बायको मात्र 60 दिवसांच्या नोटिशीत अडकते.

अशाच एका भगिनीने राजीनाम्याचा मसुदा मला दाखवला. मी नोकरीभर कंपन्यांच्या एचआर विभागातच होतो, म्हणून असे कागद माझ्याकडे येतात. त्यात कृतज्ञता होती, सासूबाईंचे आजारपण होते, 'सहानुभूतीने विचार व्हावा' हेही होते. कराराच्या कलमाचा मात्र उल्लेखच नव्हता. असे पत्र कंपनीला नाकारायला फार सोपे असते, कारण त्यात होकार द्यायलाच हवा असे काहीच नसते. स्थलांतर हे सवलत मागण्याचे कारण आहे. तो हक्क नव्हे. हक्क असेल तर तो नेमणूकपत्रात सापडतो.

तिचे नेमणूकपत्र काढायला लावले. त्यात लिहिले होते : कायम झाल्यावर कोणत्याही बाजूला दोन महिन्यांची नोटीस देऊन किंवा तेवढ्या काळाचे मूळ वेतन भरून करार संपवता येईल, शिल्लक अर्जित रजा नोटिशीत वळती होईल, व्यवस्थापनाला मुदत कमी करता येईल. म्हणजे पैसे भरून जाण्याचा मार्ग करारातच होता, फक्त तो कोणी सांगितला नव्हता. काही करारांत मात्र 'व्यवस्थापनाच्या मर्जीने' हे शब्द पैसे भरण्यालाही लावलेले असतात. तिथे हा हक्क उरत नाही, विनंतीच करावी लागते. पत्र लिहिण्यापूर्वी हा फरक पाहायलाच हवा.

मग हिशेब मांडला. काम सोपवायला ती 20 दिवस थांबणार होती. उरले 40. शिल्लक रजा 12 दिवसांची, म्हणजे तूट 28 दिवसांची. एकूण पगार 36,000, त्यात मूळ वेतन 18,000. एचआरच्या तोंडी हिशेबात दिवसाला 1,200 धरून 33,600 रुपये निघत होते. कराराप्रमाणे 600 धरून 16,800. वरून कोणी जीएसटी मागितला असता, तर अप्रत्यक्ष कर मंडळाचे 3 ऑगस्ट 2022 चे परिपत्रक दाखवता आले असते. नोटिशीपोटी वसूल होणाऱ्या रकमेवर तो लागत नाही.

नवे पत्र असे झाले : 'पतीच्या बदलीमुळे कुटुंबाला लखनौ सोडणे भाग आहे. नेमणूकपत्रातील राजीनाम्याच्या कलमानुसार मी आजपासून 20 दिवस काम करून सर्व खाती सोपवीन. 12 दिवसांची रजा वळती करावी. उरलेले 28 दिवस, त्याच कलमाने आपल्याला मुदत कमी करण्याचा अधिकार असल्याने, माफ करावेत. ते शक्य नसल्यास 16,800 रुपये अंतिम हिशेबातून वळते करावेत. कार्यमुक्तीची तारीख लेखी कळवावी.' सोबत बदली आदेशाची प्रत जोडली. सासूबाईंचे आजारपण मी गाळायला लावले. ते खरे होते, पण कंपनीला ठरवायच्या गोष्टीशी त्याचा संबंध नव्हता.

कंपनीची बाजू मला ठाऊक आहे. महिनाअखेरीस हिशेबनीस गेला तर विवरणपत्रे अडतात, आणि नवा माणूस एका दिवसात मिळत नाही. म्हणूनच ते 20 दिवस द्यायचे आणि त्यात काय सोपवणार तेही लिहायचे. 'कोर्ट काही जबरदस्तीने काम करायला लावत नाही' असा सल्ला देणारे शेजारी भेटतात. ते खरे आहे, पण अर्धेच : माणसाला कामावर बसवता आले नाही तरी ठरलेली भरपाई मागता येते. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. न सांगता निघून जाणाऱ्याला पुढच्या नोकरीत कार्यमुक्तीपत्र मागितले की घाम फुटतो, तो वेगळाच.

मला खटकतो तो दुजाभाव. कंपनीला माणूस नको असतो तेव्हा ती नोटिशीचे पैसे हातात ठेवून त्याच संध्याकाळी ओळखपत्र काढून घेते, आणि त्यासाठी कर्मचाऱ्याची परवानगी विचारत नाही. तेच कलम कर्मचाऱ्याने पुढे केले की 'मंजुरी' आठवते. दोघांसाठी लिहिलेली अट दोघांना सारखीच लागू हवी.

जोडीदाराची नोकरी बदलीची असणाऱ्या वाचकांना माझे सांगणे आहे : नेमणूकपत्रावर सही करण्याआधी नोटिशीचे पैसे मूळ वेतनावर की एकूण पगारावर, आणि रजा वळती होते की नाही, हे दोन मुद्दे लेखी विचारून घ्या. बदलीचा आदेश आल्यावर विचाराल तर उत्तर कंपनीच्या सोयीचे मिळेल.

— एक निवृत्त वाचक, चारबाग, लखनौ