व्हिडिओचा विषय कोण ठरवतं?

आमचे एक मित्र आहेत. वयाने माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना भाई म्हणतो. एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं काढून निवृत्त झाले आणि पाच वर्षांपूर्वी त्यांनी पैशांच्या व्यवहारांविषयी मराठीत व्हिडिओ चॅनल सुरू केलं. माणूस जाणकार आहे, हिशेबाला पक्का आहे. गेल्या महिन्यात त्यांनी पुढच्या वर्षाच्या विषयांची यादी मला वाचून दाखवली आणि आमचं भांडण झालं. पन्नासेक विषय होते. त्यातले निम्म्याहून जास्त निफ्टी, सोन्याचा भाव, 'या आठवड्यात काय घ्यावं' अशा जातीचे.

"लोकांना हेच पाहिजे," भाई म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी ऑप्शन ट्रेडिंगवर केलेला व्हिडिओ आजही माझा सगळ्यात जास्त पाहिलेला आहे."

हे 'लोकांना पाहिजे' मला मान्य नाही. ज्यांना तो विषय पाहिजे असतो ते लोक नव्हेत. ते डिमॅट खातं उघडून देणारे आणि ट्रेडिंगचं ॲप विकणारे असतात. व्हिडिओखालच्या दुव्यावरून कुणी खातं उघडलं की चॅनलवाल्याला पैसे मिळतात. वारसाहक्कावर व्हिडिओ केला तर कुणी छदाम देत नाही. यादी तिथेच वाकडी होते आणि दोष मात्र प्रेक्षकांच्या आवडीवर जातो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडा दिला होता: तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात गेल्या. ज्या विषयात १०० पैकी ९३ प्रेक्षक बुडतात, तो सर्वाधिक पाहिला जातो हे अभिमानाने सांगण्यासारखं आहे का?

भाईंनी मला त्यांच्या चॅनलचे आलेख दाखवले. मला त्यातून उलटंच दिसलं. बाजारभावावरच्या व्हिडिओंची रेघ दोन दिवस आभाळात जाते आणि मग जमिनीला चिकटते. 'जामीनदार झाल्यावर काय होतं' हा त्यांचा जुना, कंटाळवाणा, खराब आवाजाचा व्हिडिओ. पहिल्या आठवड्यात तो कुणी पाहिला नाही, पण चार वर्षं त्याची रेघ खाली आलेली नाही. प्रेक्षक कुठून आले ते पाहिलं तर बहुतेक `YouTube search` मधून, म्हणजे स्वतः प्रश्न टाईप करून आलेले. कुणाच्या तरी हातात नोटीस पडली आणि तो शोधत आला. दहा वर्षं चालवायचं चॅनल अशा व्हिडिओंवर उभं राहतं. भावाचे व्हिडिओ म्हणजे रोज नव्याने विकायची भाजी, कालची आज फेकायची.

मधल्या आयुष्याचे विषयही असतात, करांचे. ते दरवर्षी नव्याने करावेच लागतात. तिथे माझा एकच आग्रह होता, की शीर्षकात कलमाचा आकडा नको. 'एटी-सी मध्ये कर वाचवा' म्हणून केलेले व्हिडिओ आधी नव्या करपद्धतीने निकामी केले, कारण तिथे ती वजावट मिळत नाही. मग नवा आयकर कायदा आला आणि १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे आकडेच बदलले.

मग भाईंनी विचारलं, "तूच सांग, मी काय करू?" मी म्हटलं, बावीस वर्षं तुमच्या टेबलासमोर लोक जो कागद घेऊन येत होते, तो काढा. उदाहरणार्थ हप्ता.

एक लाखाचं कर्ज, दोन वर्षं, '१२ टक्के फ्लॅट'. एजंट म्हणतो, वर्षाला बारा हजार, दोन वर्षांचे चोवीस. एक लाख चोवीस हजार भागिले चोवीस, हप्ता ५,१६७ रुपये. सोपं वाटतं. पण तुमच्याकडे दोन वर्षं एक लाख असतात कुठे? वर्ष संपता संपता निम्मी मुद्दल परत गेलेली असते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चालूच असतं. खरोखर उरलेल्या रकमेवर १२ टक्के लावले तर हप्ता ४,७०७ रुपये येतो आणि दोन वर्षांचं व्याज तेरा हजारांच्या आत. म्हणजे त्या 'बारा टक्क्यां'चा खरा दर साडेएकवीसच्या आसपास. त्यात दोन हजार प्रोसेसिंग फी आधीच कापून हातात ९८ हजार ठेवले, तर तोच दर पावणेचोवीसच्या घरात जातो.

आता खरी मेख. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्ज देताना 'केएफएस' नावाचा कागद द्यावा लागतो. त्यावर फीसकट खरा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापायचा असतो आणि कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा. किती जणांनी तो मराठीत मागून घेतला? ही एक ओळ बोटाने दाखवणारा सात मिनिटांचा व्हिडिओ दर महिन्याला नव्याने कर्ज घेणाऱ्याच्या कामाचा आहे. त्याला प्रायोजक मिळणार नाही, हे मात्र मी भाईंना आधीच सांगितलं.

दुसरा कागद नॉमिनीचा. इथे माझा राग जरा घरचा आहे. मराठीतला प्रत्येक पैसातज्ज्ञ कॅमेऱ्यासमोर सांगतो, 'नॉमिनी लावा आणि मृत्युपत्र करून सगळं बायकोच्या नावावर ठेवा.' नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो बहुतेक ठिकाणी वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा असतो. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं. आणि मृत्युपत्राचा सल्ला मुस्लिम प्रेक्षकाला सरळ चुकीचा पडतो. आपल्याकडे वसीयत कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता एकतृतीयांशापर्यंतच चालते, आणि सुन्नी कायद्यात वारसालाच वसीयतीने काही द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. मुलं असतील तर बायकोचा वाटा एकअष्टमांश. ज्याने व्हिडिओ पाहून कागद केला आणि डोळे मिटले, त्याच्या बायकोला हे नंतर कळतं, दीर दारात उभे राहिल्यावर. जिवंतपणी हिबा करता येतो, पण ताबा खरोखर द्यावा लागतो. हे भाईंना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्यांनी कॅमेऱ्यासमोर ते एकदाही सांगितलेलं नाही, कारण 'विषय एका समाजाचा होतो'. मग निफ्टीचा विषय कोणत्या समाजाचा?

भाईंचा एक मुद्दा मी खोडू शकलो नाही. अशा विषयांवर पहिल्या वर्षी कमाई जवळजवळ शून्य, आणि कॅमेरा धरणाऱ्या पोराला महिन्याला पैसे द्यावे लागतात. म्हणून मी म्हटलं, सोन्याच्या भावाऐवजी सोनेतारणाचा कागद कसा वाचावा ते करा. दागिने लिलावात जाण्याआधी नोटीस यावी लागते, ती कुठल्या पत्त्यावर येते, हे सांगा. सोनं शोधणारा प्रेक्षक तिथेही येईल. शेअरचे भाव तर त्यांना नीट वापरताही येणार नाहीत: जानेवारी २०२५ मध्ये सेबीने नोंदणी नसलेल्या 'फक्त शिकवतो' म्हणणाऱ्यांना गेल्या तीन महिन्यांचे भाव दाखवायला बंदी घातली. यावर भाई पहिल्यांदा गप्प बसले.

यादी अजून टेबलावर आहे. हप्ता आणि सोनेतारण घेतलंय. वसीयतीच्या विषयापुढे त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय, आणि ऑप्शनचा तो जुना व्हिडिओ काढून टाकायला ते अजून तयार नाहीत.