समजून घ्या : जुन्या स्कूटरचा कोणता फोटो खरा बोलतो?

अंबरनाथ पूर्वेत सेकंड हँड स्कूटर ऑनलाइन शोधताना एकाच गाडीचे तीन फोटो दिसले, तर कोणत्यावर विश्वास ठेवायचा? सर्वांत कमी ओल्या गाडीच्या फोटोवर. पाणी बारीक ओरखड्यांत भरते आणि विटलेला रंगही गडद, नवा भासतो. त्याहून बरा कोरड्या गाडीचा, उन्हात बाजूने काढलेला. पण त्यात दिसते ते बरेचसे प्लास्टिक, आणि ते गंजत नाही. पहिला क्रमांक खालून घेतलेल्या, दिसायला सर्वांत वाईट फोटोचा. सायलेन्सरचा जोड, मेन स्टँडची पिन, पायाखालची चासी त्यातच दिसते. तिथे ताजा काळा रंग मारलेला असेल, तर मात्र रंगाखालचे फुगलेले पापुद्रे शोधावेत. जुलै 2019 मध्ये बदलापुरात आला तशा पुराचे पाणी इंजिनात शिरले होते का, हे फोटोत दिसत नाही. ऑइल दुधाळ आहे का, ते डिपस्टिक काढूनच बघावे लागते.