फक्त भाषा सुधारली, हे लिहायचं कसं?

समजा, मराठवाड्यातला एक संशोधक विद्यार्थी अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणावर इंग्रजीतून शोधनिबंध लिहितोय. मुलाखती मराठीत, भाषांतर त्याचं, मांडणीही त्याची. इंग्रजी अडखळतं म्हणून तो एआयकडून वाक्यं सफाईदार करून घेतो. यात गैर काहीच नाही. परभाषेत लिहिणाऱ्याने मदत का घेऊ नये? फक्त ती ऋणनिर्देशात प्रामाणिकपणे नोंदवायची.

पंचाईत ‘फक्त’ म्हणताना होते. त्याचं वाक्य होतं, ‘१ सप्टेंबर २०२३ रोजी पोलिसांनी उपोषणस्थळी लाठीमार केला.’ सफाईनंतर ते झालं, ‘उपोषणस्थळी संघर्ष उसळला.’ इंग्रजी छान झालं, पण लाठी चालवणारा वाक्यातून गेला. ‘काही गावकऱ्यांच्या मते’ मधलं ‘काही’ गळालं की सगळं गाव एका सुरात बोलू लागतं. असे बदल राहिले, तर ‘फक्त भाषा सुधारली’ हे विधान खोटं ठरतं, लिहिणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

म्हणून मूळ मसुदा आणि सुधारलेला मसुदा शेजारी ठेवून वाचावेत. कर्ता, आकडे, तारखा, ‘काही’, ‘बहुधा’, ‘त्यामुळे’ यांवर बोट ठेवत जावं. मुलाखतींचे उतारे तर या साधनात घालूच नयेत. ते संशोधनाचं साहित्य आहे. शिवाय बोलणाऱ्याने संमती संशोधकाला दिलेली असते, त्याचं नाव-गाव कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जावं यासाठी नव्हे.

मग निवेदन असं होईल: ‘प्रस्तावना आणि निष्कर्ष यांतील इंग्रजीचं व्याकरण व वाक्यरचना सुधारण्यासाठी मी अमुक साधन, अमुक आवृत्ती, अमुक महिन्यात वापरलं. मुलाखती, त्यांचं भाषांतर, विश्लेषण आणि संदर्भ यांसाठी ते वापरलं नाही. प्रत्येक बदल मूळ मजकुराशी ताडून पाहिला. मजकुराची जबाबदारी माझी.’ भाषांतरालाही मदत घेतली असेल, तर दुसरं वाक्य बदलायलाच हवं. साधनाचे आभार मात्र मानू नयेत, आभार गावकऱ्यांचे.

नियम सगळीकडे सारखे नाहीत. स्प्रिंगर नेचर निव्वळ भाषिक दुरुस्ती जाहीर करायला सांगत नाही. एल्सेव्हिअर साध्या शुद्धलेखन-तपासणीला सूट देतं, पण त्यापलीकडच्या वापराचं निवेदन संदर्भसूचीच्या आधी मागतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखनातली अशी मदत ऋणनिर्देशात नोंदवायला सांगते. प्रबंधासाठी मार्गदर्शकांना आधी विचारावं. सक्ती नसली तरी मी चार ओळी लिहीन, आणि सफाईपूर्वीचा मसुदा तारखेसह जपेन. मौखिकीत एखाद्या परीक्षकाने ‘हे वाक्य तुमचंच का?’ असं विचारलं, तर दाखवायला तोच कागद हाताशी असेल.