'जमलं नाही' म्हणजे पळवाट नव्हे

मराठी माणूस माफी मागताना वाक्यातून स्वतःच गायब होतो, असा आरोप आमच्या क्षेत्रात सर्रास ऐकू येतो. पुरावा म्हणून असे मेसेज दाखवले जातात:

'काल मीटिंगला यायला जमलं नाही. तुम्हाला थांबावं लागलं, माफ करा.'

समजा, पुण्यातल्या एका इंजिनियरने फ्रान्समधल्या सहकाऱ्यासाठी हे लिहिलंय. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात. त्यामुळे त्यांची दुपारी दोनची मीटिंग आपल्याकडे साडेसहाऐवजी साडेपाचला येते. हा सवयीने साडेसहाला आला, तेव्हा सगळे निघून गेले होते.

आता याचं फ्रेंच करा. शब्दाला शब्द ठेवला तर होतं, 'इल ना पा एते पॉसिब्ल द वनीर'. येणं शक्य झालं नाही. यातला 'इल' म्हणजे कुणीच नाही, तो फक्त कर्त्याची जागा भरतो. वाचणाऱ्याला ही माफी नाही, सरकारी सूचना वाटेल. मग खापर फुटतं मराठीवर.

पण मराठीत 'मी आलो नाही' असं लिहिलं असतं, तर ते उद्धट वाटलं असतं, जणू मुद्दामच आला नाही. 'जमलं नाही' सांगतं की यायचं होतं. त्यातला न लिहिलेला 'मला' आपल्याला ऐकू येतो. फ्रेंच वाचकाला तो ऐकू येत नाही, म्हणून भाषांतरात तो लिहावाच लागतो: 'झे मांके ला रेयुनियाँ दियेर', कालची मीटिंग माझ्याकडून चुकली. 'थांबावं लागलं'चंही तेच. 'ज वूझे फे आतांद्र', मी तुम्हाला थांबायला लावलं.

'हे भाषांतर नाही, तुम्ही वाक्यच बदललंत,' असं म्हणणारे भेटतात. शब्द बदलले, हे खरं. पण मूळ मेसेज माफी होता आणि शब्दशः भाषांतरात तीच नाहीशी होते. मग इमान कुठल्या भाषांतराने राखलं?

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. 'जमलं नाही'मध्ये लोकल बंद पडलेलाही बसतो आणि वेळ चुकलेलाही. पहिल्यासाठी फ्रेंचमध्ये 'ज ने पा पू वनीर', म्हणजे मला येता आलं नाही, हे योग्य आहे. दुसऱ्याने तेच लिहिलं तर ती थाप ठरेल. शिवाय 'देझोले', म्हणजे दिलगीर, हा शब्द स्त्रीने लिहिला तर शेवटी एक अक्षर वाढतं. 'जमलं'वरून लिहिणारा पुरुष की स्त्री, हे कळत नाही. म्हणून भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावं: नेमकं काय झालं होतं?

मराठीला बेजबाबदार ठरवणारे हा प्रश्न विचारतच नाहीत.