विश्लेषण : न वटलेल्या लाभांशाच्या धनादेशाचे पुढे काय होते? सात वर्षांनी शेअरही का जातात?

कणकवली : मुंबईत नोकरी करून गावी परतलेल्या किंवा गावी घर ठेवून तिकडेच राहिलेल्या चाकरमान्यांच्या घरात कपाटाच्या तळाशी कागदी शेअर प्रमाणपत्रे असतात. त्यांच्यासोबत लाभांशाचे न वटवलेले धनादेशही असतात. पन्नास-शंभर रुपयांच्या धनादेशासाठी बँकेत कोण जाणार, या विचाराने ते तसेच राहिलेले असतात. हे पैसे बुडतात असा एक समज आहे. कधीही गेलो तरी मिळतील, असा दुसरा समज आहे. दोन्ही अर्धेच खरे आहेत. २०२५ मध्ये केंद्राच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी प्राधिकरणाने २८ जुलै ते ६ नोव्हेंबर या काळात ‘सक्षम निवेशक’ मोहीम राबवली, ती याच विषयासाठी होती. हा पैसा नेमका कुठे पडून असतो आणि मुदत संपल्यावर त्याचे काय होते, याचा हा आढावा.

धनादेश शिळा झाला म्हणजे पैसे गेले का?

नाही. १ एप्रिल २०१२ पासून धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिनेच चालतो. त्याआधी ही मुदत सहा महिने होती. लाभांशाच्या वॉरंटलाही हाच नियम लागू होतो. पण मुदत संपते ती त्या कागदाची. भागधारकाचा हक्क तसाच राहतो.

कंपनीने लाभांश जाहीर केल्यापासून ३० दिवसांत तो भागधारकाला द्यावा लागतो. त्या ३० दिवसांत ज्यांनी पैसे उचलले नाहीत किंवा ज्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत, त्यांची सगळी रक्कम पुढील सात दिवसांत अनुसूचित बँकेतील एका स्वतंत्र खात्यात टाकावी लागते. हे ‘अदत्त लाभांश खाते’. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२४ मध्ये ही तरतूद आहे. या खात्यातून कंपनीला पगार किंवा कच्च्या मालाचे पैसे देता येत नाहीत. रक्कम वर्ग केल्यापासून ९० दिवसांत कंपनीने भागधारकाचे नाव, शेवटचा ज्ञात पत्ता आणि रक्कम यांची यादी संकेतस्थळावर टाकायची असते. रक्कम वेळेत वर्ग केली नाही, तर कंपनीला वार्षिक १२ टक्के व्याज द्यावे लागते. वेळेत वर्ग केली असेल, तर पडून राहिलेल्या काळाचे व्याज भागधारकाला मिळत नाही. ही मुदत ठेव नव्हे.

या टप्प्यावर पैसे मिळवणे सोपे असते. शिळा धनादेश, फोलिओ क्रमांक आणि बँक तपशील कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे पाठवले की रक्कम थेट खात्यात जमा होते. सरकारी कार्यालयाशी त्याचा संबंध येत नाही.

सात वर्षे कशी मोजतात?

एक उदाहरण घेऊ. कुटुंब काल्पनिक आहे, कंपनीचे आकडे खरे आहेत. समजा, कणकवली तालुक्यातील एका घरात वडिलांच्या नावे रिलायन्स इंडस्ट्रीजचे १०० कागदी शेअर आहेत. वडील हयात नाहीत आणि नोंदीतील पत्ता मुंबईतल्या जुन्या चाळीचा आहे.

कंपनीच्या २१ जुलै २०१७ च्या वार्षिक सभेत प्रतिशेअर ११ रुपये लाभांश मंजूर झाला. या घराचा वाटा १,१०० रुपये. तो कुणी उचलला नाही. २० ऑगस्टला ३० दिवस संपले, म्हणजे २७ ऑगस्टपर्यंत रक्कम अदत्त खात्यात जायला हवी. सात वर्षे मोजायची ती या खात्यात रक्कम गेल्याच्या तारखेपासून. सभेच्या किंवा धनादेशावरच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे या १,१०० रुपयांची मुदत ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस संपली. त्यानंतर ही रक्कम केंद्राच्या निधीत जाते.

प्रत्येक वर्षाच्या लाभांशाची सात वर्षे वेगळी मोजली जातात. २०१७-१८ चा लाभांश त्यानंतर वर्षभराने निधीत जातो, २०१८-१९ चा आणखी वर्षभराने. त्यामुळे जुने वर्ष हातचे गेले असले, तरी अलीकडची वर्षे अजून कंपनीकडेच असू शकतात.

मग शेअर का जातात?

अनेक घरांना हे ठाऊक नसते. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही, तर ते शेअरही निधी प्राधिकरणाच्या नावे वर्ग करावे लागतात. २०१६ च्या नियमांपासून याची अंमलबजावणी सुरू झाली.

वरचे उदाहरण पुढे नेऊ. सप्टेंबर २०१७ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. १०० चे २०० शेअर झाले. २०१६-१७ ते २०२२-२३ या सात वर्षांच्या लाभांशाची बेरीज या घरासाठी ९,७०० रुपये होते. ऑगस्ट २०२४ मध्ये शेअरचा भाव तीन हजारांच्या आसपास होता. म्हणजे ९,७०० रुपयांकडे दुर्लक्ष झाल्याने सुमारे सहा लाखांचे शेअर दुसऱ्याच्या नावे जाण्याची वेळ आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने पुन्हा एकास एक बोनस दिला. शेअर वर्ग झालेले असतील, तर २०० चे ४०० होतात तेही प्राधिकरणाच्याच खात्यात. पुढचे लाभांशही तिकडेच जातात. खरा मालक दावा करेपर्यंत त्या शेअरवरील मतदानाचा हक्कही गोठलेला असतो.

यातून सुटण्याची वाट नियमातच आहे. त्या सात वर्षांपैकी एका वर्षाचा लाभांश जरी दिला गेला किंवा मागितला गेला, तरी साखळी तुटते आणि शेअर वर्ग होत नाहीत. म्हणून रक्कम किती छोटी आहे याला महत्त्व नाही. दीडशे रुपयांचा लाभांश खात्यात जमा होणे म्हणजे मालक जागेवर आहे याची ती नोंद असते.

सूचना मिळत नाही का?

मिळते, पण नोंदीतल्या पत्त्यावर. शेअर वर्ग करण्याच्या तीन महिने आधी कंपनीने भागधारकाला पत्र पाठवायचे आणि इंग्रजी व प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात जाहिरात द्यायची, असा नियम आहे. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला असेल, तर पत्र परत जाते. जाहिरात असते, पण ती कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या भागातील वृत्तपत्रात.

त्यात १ एप्रिल २०२४ पासून आणखी एक बदल झाला आहे. कागदी शेअरच्या फोलिओत पॅन, संपर्क, बँक खाते आणि नमुना सही नसेल, तर लाभांशाचा धनादेश निघतच नाही. तपशील पूर्ण केल्यावरच रक्कम थेट खात्यात जमा होते. तोवर ती ‘अदत्त’ धरली जाते आणि सात वर्षांची मोजणी सुरू राहते. पूर्वी टपालाने धनादेश आला की घरात निदान आठवण व्हायची. आता तीही होत नाही. हे तपशील भरण्यासाठी रजिस्ट्रारकडे ISR-1 हा अर्ज द्यावा लागतो. सही बदलली असेल, तर बँकेकडून ती प्रमाणित करून ISR-2 जोडावा लागतो.

निधीत गेलेले परत मिळते का?

मिळते, आणि हा तुलनेने नवा हक्क आहे. १९९९ च्या दुरुस्तीनंतरच्या जुन्या कायद्यात सात वर्षांनी निधीत गेलेल्या रकमेवर दावाच करता येत नव्हता. २०१३ च्या कायद्याने तो हक्क दिला. जुन्या कायद्याखाली या निधीत गेलेल्या रकमेलाही तो लागू आहे.

सुरुवात iepf.gov.in वर नावाचा किंवा फोलिओ क्रमांकाचा शोध घेऊन करायची. मग कंपनी किंवा रजिस्ट्रारकडे कागदपत्रे देऊन हक्कपत्र मिळवायचे. त्यात किती शेअर आणि किती लाभांश तुमचा आहे, हे लिहिलेले असते. त्यानंतर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर IEPF-5 हा अर्ज भरायचा आणि त्याची प्रत, क्षतिपूर्ती बंधपत्र, आगाऊ पावती व मूळ प्रमाणपत्रे कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवायची. कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा आणि प्राधिकरणाने त्यानंतर ६० दिवसांत निर्णय घ्यायचा, असा नियम आहे. शेअर परत मिळतात ते डिमॅट स्वरूपातच, त्यामुळे डिमॅट खाते आधी उघडलेले हवे.

दावे अडकतात ते बहुधा नावावर. प्रमाणपत्रावर आद्याक्षरे आणि आधारवर पूर्ण नाव, किंवा माहेरचे नाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे, असे असेल तर आधी त्याचा पुरावा जोडावा लागतो. मालक हयात नसेल तर वारसांना आपला हक्क कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. रक्कम मोठी असेल तर न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाते. सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली म्हणजे शेअरवरही चढली, असे होत नाही.

या अर्जाला सरकारी शुल्क नाही. मुद्रांक आणि नोटरीचा खर्च तेवढा येतो. कंपन्यांच्या याद्या सर्वांना दिसत असल्याने त्यावरून फोन करून टक्केवारी मागणारे मध्यस्थ असतात. त्यांना ओटीपी किंवा मूळ प्रमाणपत्र देऊ नये.

पतसंस्थेच्या लाभांशाला हेच लागू होते का?

नाही. सिंधुदुर्गात अनेक घरांत कंपनीपेक्षा पतसंस्थेचे किंवा सहकारी बँकेचे शेअर अधिक असतात. त्या संस्था कंपनी कायद्याखाली येत नाहीत, म्हणून त्यांचा लाभांश या निधीत जात नाही. तिथे संस्थेचे उपविधी लागू होतात. अनेक संस्थांच्या उपविधीत तीन वर्षांत न नेलेला लाभांश संस्थेच्या राखीव निधीत जमा करण्याची तरतूद असते. म्हणजे मुदत निम्म्याहून कमी. शाखेत गेल्यावर पासबुकासोबत लाभांशाची नोंद आणि उपविधीतील मुदत, दोन्ही विचारून घ्यावीत.

बँकेतील विसरलेल्या ठेवी हा आणखी वेगळा विषय आहे. त्या दहा वर्षांनी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात आणि त्यांचा शोध ‘उद्गम’ पोर्टलवर घेता येतो. कंपन्यांचा लाभांश तिथे दिसत नाही. त्यामुळे ‘उद्गम’वर वडिलांचे नाव सापडले नाही, एवढ्यावर शोध थांबवू नये.

आज घरी प्रमाणपत्र सापडले तर आधी काय करावे?

त्यावरील फोलिओ क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरील अदत्त लाभांशाची यादी पाहावी. नाव तिथे असेल, तर रक्कम अजून कंपनीकडे आहे आणि काम रजिस्ट्रारच्या पातळीवर होते. मालक हयात असेल तर तपशील अद्ययावत करून, नसेल तर वारसांच्या नावे शेअर करून, त्या यादीतला सर्वांत जुना लाभांश आधी मागावा, कारण मुदत त्याची आधी संपते. नाव तिथे नसेल, तर iepf.gov.in वर पाहावे.