गंजाचे दगड आणि हवेतला ऑक्सिजन

गडचिरोलीतील सूरजागड असो वा गोव्यातील खाणी, तिथले लोहखनिज ज्या खडकांतून तयार झाले त्यांना पट्टेदार लोहप्रस्तर म्हणतात. लोहाचा लालसर-काळा थर, त्यावर गारेसारखा फिकट सिलिकाचा थर, पुन्हा लोह. समुद्रतळाशी साचलेला हा गंज म्हणजे हवेत ऑक्सिजन वाढल्याचा पुरावा, असे सर्रास शिकवले जाते. माझ्या मते हे विधान निम्मेच खरे आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॅमर्सलीचे उदाहरण घेऊ. जगातील सर्वांत मोठ्या लोहप्रस्तरांपैकी एक असलेला हा साठा सुमारे २४८ कोटी वर्षांपूर्वी साचला. तिथले काही पट्टे शेकडो किलोमीटरपर्यंत ओळखू येतात. एवढे लोह खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांतून बाहेर पडून तिथवर पोहोचले कसे? लोह पाण्यात विरघळून दूरवर जाते ते पाण्यात ऑक्सिजन नसेल तरच. आजच्या समुद्रात ते लगेच गंजून खाली बसले असते. म्हणजे हे खडक आधी ऑक्सिजनच्या अभावाची साक्ष देतात.

मग लोह गंजले कशाने? उथळ पाण्यातील सायनोबॅक्टेरियांनी सोडलेल्या ऑक्सिजनने, हे एक उत्तर. पण १९९३ मध्ये असे जिवाणू सापडल्याचे जाहीर झाले, जे सूर्यप्रकाशात ऑक्सिजनशिवायच लोहाचे ऑक्सिडीकरण करतात. ग्रीनलंडमधील इसुआचे पट्टेदार खडक सुमारे ३७० कोटी वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी हवेत ऑक्सिजन होता असे मानण्याची गरजच नाही.

हवेची खरी नोंद सापडली ती गंधकात. ओझोनचे कवच नसताना अतिनील किरण ज्वालामुखीतून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडचे विघटन करतात आणि गंधकाच्या समस्थानिकांचे प्रमाण एका विशिष्ट तऱ्हेने बिघडते. २००० साली जेम्स फार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ही खूण जुन्या खडकांत आहे, नंतरच्या खडकांत नाही. ती सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी नाहीशी होते. आजच्या प्रमाणाच्या एक लक्षांश ऑक्सिजनही ती पुसायला पुरतो. हॅमर्सलीतील हा साठा त्याआधीचा आहे, हे लक्षात घ्यावे.

तर लोहप्रस्तर निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. ते समुद्राविषयी बोलतात आणि आपण त्यांना हवेविषयी विचारत बसतो. सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वी ते जवळपास बंद झाले, कारण समुद्राचे रसायन बदलले. ऑक्सिजन वाढला की सल्फाइड, यावर वाद आहे. आणि सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीचा मोठा भाग बर्फाखाली गेला तेव्हा, कॅनडातील रॅपिटनसारख्या ठिकाणी ते पुन्हा अवतरले. बर्फाखालच्या पाण्यातला ऑक्सिजन घटला होता आणि लोह पुन्हा विरघळू लागले होते.